अत्तराच्या जुन्या कुप्या: बूच, काच आणि कोरीव काम यांवरून काळ कसा ओळखावा?

वाडा_आर्वी

नमस्कार. आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या वाड्याची मागील पडवी यंदा उतरवावी लागली. त्या वेळी माळ्यावरच्या सामानात शिसवी लाकडाची एक छोटी पेटी सापडली. पेटीत विटलेल्या मखमलीचे चार खण आहेत आणि त्यांपैकी तिनांत अत्तराच्या काचेच्या कुप्या आहेत. चौथा खण रिकामा आहे. प्रत्येक कुपी बुचासह सुमारे ११ सेंटिमीटर उंच, अष्टकोनी आणि आकाराच्या मानाने बरीच जड आहे. खांद्यावर पैलू पाडलेले असून समोरच्या बाजूला द्राक्षाचा घड व दोन पाने कोरलेली आहेत.

घरात असे सांगतात की पणजोबांचे वडील मालगुजार होते, त्यांनी ही पेटी नागपुरातून आणली आणि ती दोनशे वर्षांची आहे. मला मात्र कुपीकडे पाहून जे सांगता येईल तेवढेच हवे आहे. तिन्ही कुप्यांची बुचे सारखी बसत नाहीत, ही गोष्ट मला विशेष खटकते. पहिलीचे बूच आत गेल्यावर डुगडुगते. दुसरीचे बूच पूर्ण खाली न जाता सुमारे ३ मिलिमीटर वर अडते. तिसरीचे इतके घट्ट बसते की कुपी उलटी धरली तरी पाण्याचा थेंब बाहेर येत नाही. यावरून काळाविषयी काही ठरवता येईल काय?

जुनेपुराणे_अकोला

आपले अभिनंदन. कोरीव काम हाताचे असेल, तर या कुप्या १८५० पूर्वीच्या आहेत असे खुशाल समजा, कारण त्यानंतर यंत्रे आली. बूच डुगडुगणे हेही जुनेपणाचेच लक्षण आहे. पिढ्यान्‌पिढ्या उघडझाप झाली की काच झिजते. म्हणून पहिली कुपी सर्वांत जुनी आणि तिसरी सर्वांत अलीकडची असावी.

काचकाम_नागपूर

मी तीस वर्षे प्रयोगशाळेच्या काचेची उपकरणे तयार केली आणि घासून बसवायची बुचे हा त्या कामाचा रोजचा भाग होता. त्या अनुभवावरून अकोल्याच्या दादांच्या दोन्ही विधानांशी मी सहमत नाही. कोरीव कामाकडे नंतर वळू, आधी बुचाचे पाहू.

काचेचे बूच झिजून डुगडुगू लागण्यास फार काळ लागतो, कारण अत्तराची कुपी दिवसातून एखाद्या वेळी उघडली जाते आणि तेल स्वतःच वंगणाचे काम करते. डुगडुगण्याचे नेहमीचे कारण साधे असते: ते बूच त्या कुपीचे नसते. जुन्या पद्धतीत बुचाचा निमुळता दांडा आधी कुरुंदाची भुकटी व पाणी लावून फिरत्या चाकावर घासत. कुपीची मान धातूच्या शंकूने आतून घासत. शेवटी तेच बूच त्याच मानेत फिरवून दोघांची जोडी जुळवत. त्यामुळे एका जोडीचा उतार दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. कोणतेही बूच कोणत्याही तोंडाला बसावे म्हणून ठरावीक उताराचे सांधे विसाव्या शतकात प्रयोगशाळांसाठी रूढ झाले. त्यांत दर १० मिलिमीटर लांबीला व्यास १ मिलिमीटरने कमी होतो. आपल्या कुप्या त्या प्रकारच्या नाहीत.

जोड्या धुताना वा पॉलिश करताना मिसळू नयेत म्हणून कारागीर दोन्ही भागांवर एकच अंक ओरखडत असत. तो बहुधा दांड्याच्या टोकावर आणि कुपीच्या मानेच्या काठावर किंवा बुडावर असतो. सराफाकडचे दहापट भिंग घ्या आणि प्रकाश बाजूने तिरपा पडू द्या, कारण समोरून पडलेल्या उजेडात हे अंक दिसत नाहीत. त्याआधी एक प्रयोग करा. तिन्ही बुचे तिन्ही कुप्यांना आलटून पालटून लावून पाहा, मात्र जबरदस्ती मुळीच करू नका.

सुमन_वरूड

मी हा धागा वाचत आहे, कारण माझ्या आजेसासूबाईंची एक कुपी माझ्याकडे आहे. तिचे बूच इतके अडकले आहे की बऱ्याच वर्षांत ते उघडलेले नाही. आत तळाशी मधासारखे तपकिरी काहीतरी दिसते. मी एकदा पक्कडीला कापड गुंडाळून प्रयत्न केला, तेव्हा काचेतून आवाज आला म्हणून थांबले. ही कुपी दीडशे वर्षांची आहे असे मला सांगण्यात आले होते. ती कशी उघडावी?

काचकाम_नागपूर

सुमनताई, थांबलात हे फार चांगले केलेत. आतले अत्तर चंदनाच्या तेलात केलेले असले, तर ते वर्षानुवर्षांत घट्ट होऊन दांड्याभोवती डिंकासारखे चिकटते. मानेच्या व बुचाच्या सांध्यावर खोबरेल तेलापेक्षा पातळ तेलाचा, उदाहरणार्थ शिवणयंत्राच्या तेलाचा, एक थेंब सोडा आणि दिवसभर तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक थेंब घाला. तीन-चार दिवसांनी कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके केवळ मानेला गुंडाळा, म्हणजे मान किंचित फुगेल आणि बूच तुलनेने थंड राहील. मग लाकडी चमच्याच्या दांड्याने बुचाला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने अगदी हलके टिचके मारा आणि हातानेच फिरवा. कढत पाणी, ज्योत आणि पक्कड ही तिन्ही पूर्ण वर्ज्य समजावी. पक्कडीच्या वेळचा आवाज तड्याचा असू शकतो, म्हणून आधी भिंगातून मान नीट तपासा. तडा दिसला, तर कुपी न उघडता ठेवणेच योग्य.

वाडा_आर्वी

काका, आपण सांगितल्याप्रमाणे केले आणि जे दिसले त्याने मी थक्क झालो.

पहिल्या कुपीवर डुगडुगणारे बूच दुसऱ्या कुपीत घातले, तेव्हा ते न अडखळता बसले आणि फिरवताना शेवटच्या अंशात घट्ट धरले गेले. दुसऱ्या कुपीवर अडणारे बूच पहिलीत घातले, तर ते पूर्ण खाली जाते, पण तळाशी थोडे हलते. तिसऱ्या कुपीचे बूच इतर दोघींत बसत नाही.

नंतर खिडकीत बसून भिंगाने पाहिले. तिसऱ्या कुपीच्या मानेच्या काठावर ७ असा अंक ओरखडलेला आहे आणि तिच्या बुचाच्या दांड्याच्या टोकावरही ७ आहे. दुसऱ्या कुपीवर ६ आहे आणि तिच्यात नीट बसणाऱ्या, म्हणजे आतापर्यंत पहिलीवर असलेल्या, बुचावरही ६ आहे. पहिल्या कुपीवर ५ आहे. आतापर्यंत दुसऱ्या कुपीवर अडून बसलेल्या बुचावर मात्र ८ आहे. सर्व अंक एकाच वळणाचे, बारीक आणि एकाच रेषेत ओढलेले आहेत.

काचकाम_नागपूर

मग कोडे सुटते. पेटीच्या चार खणांतल्या कुप्या ५, ६, ७ आणि ८ होत्या. आठवी कुपी हरवली किंवा फुटली आणि तिचे बूच मागे राहिले. पाचव्या कुपीचे बूच हरवले आणि कोणीतरी उरलेली तीन बुचे तीन कुप्यांवर अंदाजाने बसवली. पहिल्या कुपीचे डुगडुगणे वयाचे लक्षण नव्हते, अदलाबदल हेच त्याचे कारण होते. तिन्ही कुप्या आणि तिन्ही बुचे एकाच वेळच्या एका संचातील आहेत असे आता बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

एक खात्री आणखी करून घ्या. मऊ शिसपेन्सिलीने दांड्यावर वरून खाली चार रेघा ओढा, बूच आपल्या मानेत हलक्या हाताने बसवून पाव वळण फिरवा आणि बाहेर काढून रेघा कुठे पुसल्या ते पाहा. खऱ्या जोडीत रेघा वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्या पुसल्या जातात. परक्या बुचावर त्या वरच्या किंवा खालच्या एकाच पट्ट्यात पुसल्या जातात, कारण दोन्हींचा उतार निराळा असतो. पेन्सिलीच्या रेघा नंतर खोडरबराने पुसता येतात.

विजेरी_यवतमाळ

नोटा तपासण्याची जांभळी विजेरी घेऊन अंधारात पाहावे. माझ्याकडील एका कुपीला हिरवा रंग चढला आणि म्हणून ती युरेनियमची, म्हणजे मौल्यवान निघाली. हाच एक निर्णायक उपाय आहे.

काचकाम_नागपूर

भाऊ, उपाय उपयोगी आहे, परंतु निष्कर्ष जपून काढावा लागतो. युरेनियमची काच झगझगीत पोपटी उजळते आणि तिचा स्वतःचा रंगही बहुधा पिवळट वा हिरवट असतो. अशी काच १८३० च्या दशकात बोहेमियात प्रसिद्धीला आली. परंतु पांढऱ्या काचेत मँगनीज घातलेले असले, तर तीही मंद हिरवट उजळते. लोखंडामुळे येणारी हिरवी झाक मारण्यासाठी काचकार मँगनीज वापरत असत आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याची जागा प्रामुख्याने सेलेनियमने घेतली. म्हणून मंद हिरवट उजेड हे साधारण त्यापूर्वीच्या काळाचे एक सूचक लक्षण आहे, पुरावा नव्हे. अशी कुपी वर्षानुवर्षे उन्हात राहिली, तर मँगनीजमुळे काच किंचित जांभळी होते. आपली कुपी किती तेजस्वी दिसते, हे लिहावे.

आर्वीच्या दादांसाठी माझी सूचना दुसरी आहे. कुप्या जड आहेत असे आपण लिहिले, पण हाताला लागणारा जडपणा फसवा असतो, कारण जाड भिंतीची साधी काचही जड लागते. शिशाची काच आहे का, हे मोजून पाहा. बूच भरीव असल्याने त्यावर हे सोपे जाते. पाण्याची वाटी सराफाच्या नाजूक काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, बूच बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण पाण्यात बुडेल पण तळाला व कडांना लागणार नाही असे धरा आणि काट्यावर जो आकडा येईल तो लिहून घ्या. बुचाच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. साध्या काचेत उत्तर सुमारे २.५ येते, शिशाच्या काचेत सुमारे ३ किंवा अधिक.

अत्तरदाणी_मूर्तिजापूर

माझ्याकडे पितळेची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी असा एक संच आहे. नक्षी सुंदर आहे. आजच्या बाजारात त्याची काय किंमत येईल, हे येथील जाणकार सांगतील काय?

जुनेपुराणे_अकोला

दादा, हा धागा काचेच्या कुप्यांविषयी आहे. धातूच्या अत्तरदाणीचा काळ काचेच्या कसोट्यांनी लागणार नाही, म्हणून त्यासाठी निराळा धागा काढावा ही विनंती.

माझे पहिले विधान घाईचे होते, हे मी मान्य करतो. बुचाविषयी काकांचे म्हणणे पटले. परंतु एक शंका राहते. कोरीव काम हाताचे आहे की यंत्राचे, हे तरी काळ सांगेल ना?

वाडा_आर्वी

सराफांनी आपला काटा वापरू दिला. सातव्या कुपीचे बूच कोरडे असताना २८.४ ग्रॅम भरले. पाण्यात बुडवून धरले तेव्हा काट्यावर ९.४ ग्रॅम आले. भागाकार ३.०२ येतो. सहाव्या कुपीच्या बुचाचे उत्तरही जवळजवळ तेवढेच आले.

पेन्सिलीची कसोटीही केली. सहा व सात यांच्या रेघा वरून खाली सारख्या पुसल्या गेल्या. आठ अंकाचे बूच पाचव्या कुपीत घातले, तेव्हा रेघा फक्त वरच्या पट्ट्यात पुसल्या.

आता कोरीव काम. द्राक्षाचा प्रत्येक दाणा म्हणजे बशीसारखा एक उथळ खळगा आहे. भिंगातून पाहता प्रत्येक खळग्यात अतिशय बारीक समांतर रेघा दिसतात आणि एका दाण्याची खोली दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. पानाच्या शिरा मध्ये खोल आणि टोकाला निमुळत्या होत नाहीशा होतात. एका पानाची शीर काठाच्या बाहेर किंचित घसरलेली आहे. तिन्ही कुप्यांवरील घड दुरून सारखे वाटतात, पण दाणे मोजले तर एकावर अकरा, एकावर बारा आणि एकावर तेरा आहेत. बुडाच्या मध्यभागी एक गुळगुळीत गोल खळगा आहे.

काचकाम_नागपूर

आपले निरीक्षण उत्तम आहे आणि यातून बरेच निघते.

वाटोळा खळगा, त्यातल्या समांतर रेघा आणि टोकाला विरत जाणारी शीर या तिन्ही खुणा तांब्याच्या छोट्या चाकाच्या आहेत. त्या चाकाला तेलात कालवलेली कुरुंदाची भुकटी लावून कारागीर कुपी खालून चाकावर धरतो आणि कुपी फिरवत चित्र कोरतो. चाकाचा घेर जेवढा, तेवढा खळग्याचा वळसा, त्यामुळे लहान चाकाचा दाणा आणि मोठ्या चाकाचे पान भिंगाखाली निराळे ओळखू येतात. तेजाबाने कोरलेल्या कामात खोली सर्वत्र सारखी असते आणि रेघेचे टोक विरत नाही, ते एकदम थांबते. तेजाबाने काच कोरण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पसरले. वाळूच्या झोताने केलेले काम तर १८७० नंतरचेच, आणि त्यात पृष्ठभाग दाणेदार, रांगोळीच्या भुकटीसारखा दिसतो.

तरीही अकोल्याच्या दादांच्या शंकेचे उत्तर 'नाही' असेच आहे. चाकाचे काम १८५० मध्ये थांबलेले नाही, ते आजही होते. म्हणून चाकाच्या खुणेवरून काम कशाने केले ते कळते, केव्हा केले ते कळत नाही. उलट तेजाबाची वा वाळूच्या झोताची खूण सापडली, तर ती काळाची मागची हद्द ठरवते. आपल्या कुपीवर तशी खूण नाही, त्यामुळे ती हद्द मिळत नाही.

काळाकडे नेणारी एक खूण मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती आपण अद्याप तपासलेली नाही. खांद्यावरच्या पैलूंची चकाकी कशाने आणली आहे? जुन्या पद्धतीत पैलू लाकडाच्या व बुरणुसाच्या चाकावर बारीक भुकटीने घासून चमकवत, त्यामुळे पैलूंच्या कडा धारदार राहतात आणि तिरप्या उजेडात फिकट समांतर ओरखडे उरतात. तेजाबात बुडवून चमक आणण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढत गेली. तिच्यात ओरखडे वितळून जातात आणि कडा मेणासारख्या किंचित गोलसर होतात. नख कडेवरून फिरवूनसुद्धा फरक जाणवतो.

बुडाचा गुळगुळीत खळगा म्हणजे काच फुंकताना लावलेल्या लोखंडी सळईची खूण घासून काढली आहे. ही खूण हाताने केलेल्या चांगल्या मालावर असते, साच्यात दाबलेल्या स्वस्त मालावर सहसा नसते. तिच्यावरून दर्जा कळतो, काळ फार कमी कळतो.

वाडा_आर्वी

पैलूंच्या कडा धारदार आहेत. नख अडते. तिरप्या उजेडात खांद्यावर उभे, अगदी फिकट ओरखडे दिसतात आणि ते सर्व एकाच दिशेचे आहेत. बुडाच्या काठावर मात्र पाचव्या कुपीला खूप ओरखडे आहेत आणि ते सर्व दिशांना गेलेले आहेत. सहाव्या व सातव्या कुपीला ते फार थोडे आहेत. हे कसे?

जुनेपुराणे_अकोला

पाचवी कुपी बाहेर वापरात होती, असे असेल. आपण सुरुवातीस कोणती कुपी कुठे होती हे लिहिले नव्हते.

वाडा_आर्वी

बरोबर. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली की एक कुपी देवघरातील फडताळावर असे, दसऱ्याला व लग्नकार्यात तिच्यातून कापसाच्या फायाला अत्तर लावत आणि ती नंतर पेटीत परत ठेवली गेली. बाकीच्या पेटीतच मखमलीवर राहिल्या.

काचकाम_नागपूर

मग ओरखडे खरे आहेत. दगडी वा लाकडी फडताळावर वर्षानुवर्षे सरकवलेल्या कुपीचे ओरखडे बुडाच्या सर्वांत टेकणाऱ्या काठावरच येतात आणि सर्व दिशांना जातात. बनावट जुनेपणा आणण्यासाठी खरखरीत कागदावर घासलेल्या कुपीचे ओरखडे एका दिशेचे असतात आणि जेथे काच टेकतच नाही अशा खोलगट भागातही पोहोचतात.

माझे मत असे: काच शिशाची, पैलूंना चाकाची चमक, कोरीव काम तांब्याच्या चाकाचे, बुचे अंकाने जुळवलेली आणि बूड हाताने घासलेले. या सर्वांचा एकत्र मेळ एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या भागाशी चांगला बसतो. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि त्यानंतर मुंबईच्या बंदरावर उतरलेला परदेशी माल वऱ्हाड-नागपूरच्या कापसाच्या बाजारपेठांत येणे सोपे झाले, ही गोष्टही या अंदाजाला पोषक आहे. मात्र दोनशे वर्षांचा दावा मी काचेवरून मान्यही करणार नाही आणि पूर्णपणे नाकारणारही नाही. शिशाच्या काचेवरून माल इंग्लंड वा फ्रान्सचा असण्याकडे मन वळते, कारण बोहेमियाची परंपरा मुख्यतः शिसे नसलेल्या पोटॅशच्या काचेची होती. परंतु पुढे तेथेही शिशाची काच होऊ लागली, म्हणून देशाचे नाव मी निश्चित करणार नाही.

विजेरी_यवतमाळ

काका, माझी कुपी पुन्हा पाहिली. हिरवा उजेड मंद आहे, पोपटी नाही. युरेनियमचा आग्रह मी मागे घेतो.

सुमन_वरूड

तेलाचा उपाय केला. मानेला तडा नव्हता. पाचव्या दिवशी बूच फिरले आणि घरभर वाळ्याचा वास आला. कुपी पुसली तेव्हा बुडावर तेजाबाने छापलेली गोल मोहर दिसली, 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' अशी. शिवाय कुपीच्या दोन्ही बाजूंना वरून खाली साच्याची बारीक शीव आहे.

काचकाम_नागपूर

ताई, आपली कुपी साच्यातील आहे आणि तिची मोहर काळाची मागची हद्द पक्की करते. चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र १९१८ मध्ये झाले, म्हणून कुपी त्यापूर्वीची असू शकत नाही. दीडशे वर्षांचा दावा येथेच संपतो. आतील अत्तराचा अंश मात्र धुऊन टाकू नका. तो तसाच राहू द्या आणि बूच पुन्हा बसवताना दांडा पुसून घ्या, नाहीतर तो पुन्हा चिकटेल.

वाडा_आर्वी

पाचव्या कुपीला आता बूच नाही. आठ अंकाचे बूच तिच्यात सैल राहते. नवीन बूच घासून बसवून घ्यावे काय, असा विचार मनात आला.

काचकाम_नागपूर

नवीन बूच बसवायचे तर कारागीर कुपीची मानही आतून घासतो, आणि मग तिचा मूळ उतार कायमचा जातो. कधी खरे पाचव्या क्रमांकाचे बूच सापडले, तर ते बसणार नाही. म्हणून तूर्त मऊ बुचाच्या लाकडाचा निमुळता तुकडा लावा आणि आठवे बूच स्वतंत्र कागदात गुंडाळून, वर अंक लिहून, पेटीतच ठेवा.

वाडा_आर्वी

तसे केले. काल पुलगावच्या काकांना फोन लावला. त्यांच्याकडे एक सुटी अष्टकोनी कुपी आहे आणि तिला बूच नाही, असे ते म्हणाले. मानेच्या काठावर अंक आहे, पण तो ३ आहे की ८ हे त्यांना उजेडात दिसत नाही. पोळ्याला ते येताना कुपी घेऊन येतील. आठ अंकाचे बूच मी पेटीत वर काढून ठेवले आहे.